मागच्या गर्दीला स्पष्ट आणि एकदाच ऐकू यावं म्हणून: डिले टॉवर कुठे उभे करायचे, वेळ कशी लावायची

मागच्या लोकांपर्यंत आवाज पोचत नाही म्हणून मैदानाच्या मध्यावर आणखी दोन बॉक्स, म्हणजे डिले टॉवर, उभे केले जातात. आवाज पोचतो, पण प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. मग कोणीतरी मिक्सरवर डिलेचा, म्हणजे या बॉक्समधून आवाज मुद्दाम किती उशिरा सोडायचा त्याचा, आकडा अंदाजाने फिरवत बसतं, आणि एका जागी बरं वाटलं की काम झालं असं धरून चालतो. वीस मीटर पुढे किंवा बाजूला उभ्या असलेल्यांना मात्र तीच रड राहते.

चूक बहुतेक वेळा आकड्यात नसते, क्रमात असते. टॉवर आधी उभा राहतो, विचार नंतर होतो. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: भाषणांचा कार्यक्रम, १०० मीटर खोल आणि ५० मीटर रुंद सपाट मैदान, मंचाच्या दोन्ही बाजूंना मेन स्पीकर (एकमेकांपासून १६ मीटर), आणि मंचापासून ६० मीटरवर दोन डिले टॉवर. आकडे तुमच्या मैदानाचे घाला, पायऱ्या याच ठेवा.

## आधी हे डोक्यात पक्कं हवं

आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. तारेतून जाणारा सिग्नल त्यामानाने लगेच पोचतो. त्यामुळे ६० मीटरवरचा टॉवर वक्त्याचा शब्द ताबडतोब बोलून मोकळा होतो आणि मेनमधून निघालेला तोच शब्द १७० मिलिसेकंदांनी तिथे येतो. एक अक्षर उच्चारायला लागणारा वेळ साधारण एवढाच असतो. म्हणून नुसतं घुमल्यासारखं होत नाही, अक्षरावर अक्षर चढतं.

कानाचा नियम आपल्या बाजूने आहे. पहिला आवाज ज्या दिशेने येतो, त्याच दिशेने सगळं बोलणं येतंय असं आपल्याला वाटतं. तोच आवाज दुसरीकडून १० ते २० मिलिसेकंद उशिरा आला, तर तो जवळजवळ १० डेसिबलने मोठा असला तरी वेगळा ऐकू येत नाही, पहिल्यात मिसळून जातो. याला हास परिणाम म्हणतात. हा उशीर ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की बोलणं जड वाटू लागतं आणि ५० च्या पुढे दुसरा आवाज सरळ सुटा ऐकू येतो.

म्हणजे करायचं काय, तर मागच्या माणसाच्या कानावर मेनचा आवाज आधी पडला पाहिजे आणि टॉवरचा त्याच्या किंचित मागून. टॉवर पुढे गेला की बोलणारा माणूस मंचावरून उठून टॉवरमध्ये जाऊन बसतो. फार मागे राहिला की प्रतिध्वनी होतो.

## टप्पा १: टॉवरची जागा मेन ऐकून ठरवा

मेन लावा, त्यांची दिशा आणि टोन नीट करा, मग डिलेचा विचार करा. मेन अर्धवट असताना टॉवर लावले की मेनच्या उणिवा टॉवरने झाकायची सवय लागते आणि मग दोन्ही बिघडतात.

मेनवर साध्या बोलण्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मंचाकडे पाठ करून मागे चालत जा. पाठ यासाठी, की बोलणाऱ्याचे ओठ किंवा पडदा दिसत असला की न ऐकलेले शब्दही ऐकल्यासारखे वाटतात. आवाज एकूण किती मोठा आहे याकडे लक्ष देऊ नका. स, श, त, क ही व्यंजनं कुठे पुसट होतात ते बघा. वरच्या फ्रिक्वेन्सी हवेतच जिरतात. ८,००० हर्ट्झचा आवाज १०० मीटरमध्ये अंतरामुळे होणाऱ्या नेहमीच्या घटीशिवाय आणखी १० डेसिबलच्या आसपास गमावतो, आणि हवा कोरडी असेल तर त्याहूनही जास्त. खालचा गुरगुराट मात्र येतच राहतो. म्हणून मागचे लोक म्हणतात, 'आवाज येतोय, पण कळत नाही.'

जिथे व्यंजनं पुसट व्हायला लागली ती जागा खुणेने पक्की करा. टॉवर त्या जागेच्या पुढे, मंचाच्या बाजूला, दहा-पंधरा मीटर अलीकडे यायला हवा. आपल्या उदाहरणात व्यंजनं ७०-७५ मीटरवर पुसट होतात, म्हणून टॉवर ६० वर. मेन पार संपल्यावर टॉवर उभा केला, तर पहिला आवाज म्हणून कानाला धरायला मेन उरतच नाही आणि वरचा सगळा हिशोब कोसळतो.

इशारा: गर्दी भरल्यावर कुजबुज, हालचाल आणि माणसांच्या अंगात जिरणारा आवाज यामुळे ही रेषा पुढे सरकते. रिकाम्या मैदानात ७५ वर बरं ऐकू येत असलं तरी त्यावर विसंबू नका.

## टप्पा २: एक टॉवर की दोन, आणि कुठल्या रेषेत

मधोमध एकच टॉवर लावायचा मोह होतो. केबल एक, राखण एक. पण मैदानाच्या कडेला, मंचापासून ७० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा हिशोब करून बघा. जवळच्या मेनपासून तो ७२ मीटरवर आहे. मधल्या टॉवरपासून तो २७ मीटर तिरका आहे, आणि टॉवर स्वतः मेनपासून ६०.५ मीटरवर. म्हणजे वेळ अगदी बरोबर लावली तरी टॉवरचा आवाज त्याच्यासाठी ८७.५ मीटर चालून आल्यासारखा असतो. फरक १५.५ मीटरचा, म्हणजे जवळजवळ ४५ मिलिसेकंद. कडेच्या प्रत्येकाला प्रतिध्वनी मिळणार, आणि तो मिक्सरवरून काढता येणार नाही, कारण मध्ये उभ्या माणसासाठी वेळ बरोबरच आहे.

आता दोन टॉवर, मध्यरेषेपासून १२-१२ मीटरवर. तोच माणूस जवळच्या टॉवरपासून १६.४ मीटरवर येतो. एकूण ७६.५, मेन ७२. फरक साडेचार मीटर, म्हणजे १३ मिलिसेकंद. तक्रार संपली.

यातून जागेचा नियम निघतो. मेनकडून टॉवरकडे काढलेली रेषा मागे वाढवली की त्या रेषेवर वेळ कायम बरोबर राहते, कितीही मागे गेलात तरी. रेषेपासून बाजूला सरकलात की चूक वाढते, आणि टॉवरच्या जितकं जवळ उभं राहून बाजूला सराल तितकी जास्त. म्हणून टॉवर जवळच्या मेनच्या सरळ रेषेत मागे असावा, फार तर थोडा बाहेर, आणि एका टॉवरवर दोन्हीकडे १५ मीटरपेक्षा जास्त रुंदी टाकू नये.

बॉक्स सुमारे ९० अंश आडवा फाकणारा घ्या आणि तोंड सरळ मागे ठेवा. असा बॉक्स १० मीटर मागे दोन्ही बाजूंना १०-१० मीटर झाकतो. दोन टॉवरच्या मधली चार मीटरची फट पुढच्या दोन मीटरमध्ये भरून निघते. 'बाजूचे पण झाकूया' म्हणून त्याहून रुंद बॉक्स लावलात, तर डाव्या टॉवरचा आवाज उजव्या कडेला ५० मिलिसेकंद उशिरा जाऊन पडतो.

## टप्पा ३: उंची, तोंड आणि पाठ

बॉक्सचं मध्य जमिनीपासून साडेचार मीटरच्या आसपास हवं. डोक्याच्या उंचीवर ठेवला तर पहिल्या चार रांगांचे कान फुटतात आणि त्यांच्याच अंगात आवाज जिरल्यामुळे विसाव्या रांगेला काही पोचत नाही. वर उचलून ४० मीटर मागच्या डोक्यांवर रोखा; म्हणजे बॉक्स साधारण चार अंश खाली झुकेल. मग टॉवरच्या पायाशी उभा माणूस बॉक्सच्या मुख्य झोताच्या खाली राहतो आणि जवळ असूनही त्याला फार मोठं लागत नाही.

आता पाठ. प्रतिध्वनीच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथूनच येतात, आणि याच जागेकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

टॉवरच्या १५ मीटर पुढे, म्हणजे मंचापासून ४५ मीटरवर उभे राहा. मेनचा आवाज ४५ मीटर चालून आला. टॉवरच्या पाठीतून निसटलेला आवाज मात्र ६० मीटरचा डिले लागून, वर १५ मीटर उलटा चालत आला. फरक ३० मीटर, म्हणजे ८६ मिलिसेकंद. हा आकडा कुठल्याही सेटिंगने कमी होत नाही. मागच्यांसाठी वेळ बरोबर लावली की पुढच्यांसाठी ती चुकणारच. टॉवरपासून जितके मीटर पुढे, त्याच्या दुप्पट मीटरची चूक. उपाय एकच: पाठीतून आवाज निसटू द्यायचा नाही.

मधल्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सीत चांगला बॉक्स पाठीमागे १५-२० डेसिबल कमी देतो, तेवढं पुरतं. १०० हर्ट्झच्या आसपास मात्र साधा बॉक्स पाठीमागेही जवळजवळ पुढच्याइतकाच वाजतो. म्हणून:

- टॉवरवर बेस बॉक्स लावू नका. मेनचा बेस मागेपर्यंत आपोआप येतोच.
- टॉवरच्या आउटपुटवर १२० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर टाका. नुसत्या भाषणाला १५० चालतो.
- बॉक्सच्या मागे बॅनर, पत्रा, प्लायवूड लावून 'आवाज अडवू' नका. बॅनर वारा धरतो, आवाज नाही.

इशारा: एवढ्या उंचीवर वजन चढवलं की पायाला भार, चारही बाजूंना ताण-दोर आणि भोवती कठडा हवाच. मागच्या गर्दीतली माणसं बघायला मिळावं म्हणून टॉवरवर चढतात. ती चढणारच असं धरून चाला. बॉक्सला मुख्य कड्याशिवाय वेगळी सेफ्टी साखळी लावा.

## टप्पा ४: सिग्नल वेगळा काढा

टॉवरला मेनच्या बॉक्समधून 'लिंक' मारून सिग्नल देऊ नका. मेनला लावलेली प्रत्येक दुरुस्ती मग टॉवरलाही लागते आणि टॉवर वेगळा कमी-जास्त करता येत नाही. मिक्सरचं स्वतंत्र मॅट्रिक्स आउटपुट घ्या, मास्टर फेडरच्या नंतरचं, म्हणजे मास्टर खाली आला की टॉवरही खाली येतील. सिग्नल मोनो ठेवा. डावा-उजवा फरक मंचासमोरच्या थोड्या लोकांसाठी असतो. मागे डाव्या टॉवरखालच्या माणसाला उजवीकडचा माइकच ऐकू आला नाही, तर त्या स्टिरिओचा काय उपयोग.

बॅलन्स्ड केबलवर १०० मीटरपर्यंत अडचण येत नाही. कॅट केबलवरून डिजिटल नेत असाल तर तिची मर्यादा १०० मीटर आहे, आणि ही लांबी जमिनीवरच्या वळणांसकट मोजायची असते. टॉवरची वीज वेगळ्या जनरेटरवरून असेल तर गुणगुण येण्याची शक्यता मोठी. तेव्हा ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन काढणाऱ्याला मैदानाबाहेर पाठवा.

वायरलेसने सिग्नल नेत असाल तर त्या जोडीचा स्वतःचा उशीर किती ते माहीत हवं. डिजिटल जोडीत तो काही मिलिसेकंदांचा असतो आणि हिशोबात वजा करता येतो. ब्लूटूथ वापरूच नका. त्याचा उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि स्थिरही राहत नाही.

तपासणी: वेळ लावण्याआधी सगळीकडचा जुना डिले शून्यावर आणा. मिक्सरमध्ये, प्रोसेसरमध्ये आणि बॉक्सच्या पाठीवरच्या मेन्यूतही. मागच्या कार्यक्रमाचे ४० मिलिसेकंद बॉक्समध्ये राहून गेलेले असतात आणि मिक्सरवरचा आकडा बरोबर असूनही काही जुळत नाही.

## टप्पा ५: अंतर मोजा, आकडा काढा

अंतर लेझर मीटरने किंवा लांब टेपने मोजा, बॉक्सच्या तोंडापासून बॉक्सच्या तोंडापर्यंत. मंचाच्या मध्यापासून नाही, मिक्सरपासून तर नाहीच. फोनवरच्या नकाशाची चूक पाच मीटरची असू शकते, म्हणजे १४ मिलिसेकंद. पावलं मोजणं त्याहून वाईट.

प्रत्येक टॉवरसाठी त्याच्या जवळच्या मेनपर्यंतचं अंतर घ्या. आपल्याकडे ते ६०.१ मीटर आहे. दूरच्या मेनपासून ६३.२. दूरच्या मेनचा आवाज नऊ मिलिसेकंदांनी मागून येतो आणि मिसळून जातो, त्याची काळजी नको.

```
वेग (मीटर/सेकंद) = ३३१.३ + ०.६ × हवेचं तापमान (सेल्सिअस)
डिले (मिलिसेकंद) = अंतर (मीटर) × १००० ÷ वेग
```

कार्यक्रमाच्या वेळी २८ अंश असतील तर वेग ३४८.१ आणि डिले १७२.७ मिलिसेकंद.

यात दोन दुरुस्त्या. पहिली यंत्रांची: मेनचा प्रोसेसर २ मिलिसेकंद खातो आणि टॉवरचा बॉक्स ५, तर टॉवर आधीच ३ ने मागे आहे. ते वजा करा: १६९.७.

दुसरी हेतुपुरस्सर: मेन नक्की पुढे राहावा म्हणून ८ मिलिसेकंद जास्त द्या. मिक्सरवर आकडा पडेल १७७.७. आठच का? कडेच्या माणसाला भूमितीमुळे आधीच काही चूक मिळालेली असते, तिच्यावर हे चढतं. टॉवरच्या रेषेत अगदी मैदानाच्या काठावर (टॉवरपासून १३ मीटर बाजूला, २ मीटर मागे) ती चूक २६ आहे. ८ घालून ३४, हे चालून जातं. २० घातले असते तर ४६ झाले असते. पाच ते दहा ही माझ्या मते ठीक मर्यादा. पंधरा-वीस घालायची सवय बंदिस्त सभागृहातल्या लहान अंतरांवरून आलेली दिसते; मैदानात ती अंगाशी येते.

तापमानाबद्दल लोक एकतर काहीच करत नाहीत किंवा फार घाबरतात. दुपारी ३६ अंशांत वेळ लावली आणि रात्री २८ झाले, तर ६० मीटरवर फरक पडतो अडीच मिलिसेकंदांचाही नाही. एवढ्याने प्रतिध्वनी होत नाही. पण दिशा लक्षात घ्या: हवा थंड झाली की मेनचा आवाज उशिरा येतो. दुपारी शून्य जादा ठेवून तंतोतंत जुळवलं असेल तर संध्याकाळी टॉवर मेनच्या पुढे निघतो आणि वक्ता टॉवरमधून बोलू लागतो. आठचा गाळा ठेवलेला असला तर तो साडेपाचवर येतो, बाकी काही बिघडत नाही.

इशारा: मिक्सरचा डिले फुटांत आहे की मीटरमध्ये ते बघा. ६० फूट म्हणजे १८ मीटर; आकडा तोच टाकलात तर १२० मिलिसेकंदांची चूक झाली. मीटर-फुटांच्या पट्टीऐवजी मिलिसेकंदांत टाकणं बरं, कारण मिक्सर आपल्या मनाने एकच तापमान धरून चालतो.

इशारा: मैदान आणखी खोल असून टॉवरची दुसरी रांग लागणार असेल, तर तिची वेळही मेनपासूनच मोजायची, पहिल्या रांगेपासून नाही. तिचा सिग्नल पहिल्या रांगेच्या डिले लागलेल्या आउटपुटमधून घेतला तर दोन्ही डिले एकावर एक चढतात.

## टप्पा ६: कानाने किंवा माइकने पक्कं करा

हिशोबाचा आकडा दोन-तीन मिलिसेकंदांपर्यंत नेऊन सोडतो. तरी यंत्रांचा उशीर कुठे लपलेला असेल ते मैदानातच कळतं.

माइक असेल तर: मेझरमेंट माइक टॉवरच्या १५ ते २० मीटर मागे, मेन-टॉवरच्या रेषेवर, जमिनीवर आडवा ठेवा. जमिनीवर यासाठी, की स्टँडवर ठेवला तर जमिनीवरून परतलेला आवाज दुसरं टोक दाखवतो. ओपन साउंड मीटरसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पिंक नॉइज सोडा, फक्त मेन चालू ठेवून उशीर शोधा, आकडा लिहा. मग मेन बंद, फक्त टॉवर, पुन्हा शोधा. टॉवरचा आकडा मेनपेक्षा ८ ने जास्त आला पाहिजे. वारा असेल तर आकडा एक-दोन मिलिसेकंद हलतो. तीन-चार वेळा घेऊन मधला धरा.

नुसते कान असतील तर: मेट्रोनोमची कोरडी टकटक सोडा, सेकंदाला एक. त्याच जागी उभे राहा आणि टॉवरचा आवाज मेनच्या बरोबरीचा ठेवा, नाहीतर मोठ्याखाली लहान दबतो. जादाचे ८ सध्या काढून ठेवा. डिले १०० वरून हळूहळू वाढवत न्या. 'ट-टक' हे अंतर आकसत जातं आणि एका ठिकाणी एकच घट्ट 'टक' होतं. तिथून पुढे जा, ते पुन्हा फाटेपर्यंत. दोन फाटण्यांच्या मधोमध तुमचा आकडा. तो हिशोबाच्या १६९.७ च्या तीन-चार मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे हवा. चाळीसने वेगळा आला तर कानावर नाही, कुठेतरी राहिलेल्या जुन्या डिलेवर संशय घ्या. मग ८ घाला.

दुसरा टॉवर स्वतंत्रपणे करा, पहिला बंद ठेवून. दोन्ही बाजू सारख्या दिसतात म्हणून आकडा उचलून टाकू नका. मैदान क्वचितच सरळ असतं.

## टप्पा ७: आवाजाची पातळी

वेळ पक्की झाल्याशिवाय पातळीला हात लावायचा नाही, कारण चुकीची वेळ कमी आवाजात दडून बसते.

टॉवरच्या २० मीटर मागे साउंड लेव्हल मीटर धरा. समजा फक्त मेनवर ७८ डेसिबल दाखवतो. टॉवर एकटा ८१ येईपर्यंत वाढवा, म्हणजे मेनपेक्षा तीनने जास्त. दोन्ही मिळून ८३ च्या आसपास दिसेल. टॉवरच्या रेषेवर मेन एकटाच साडेऐंशीच्या आसपास असतो, आणि अगदी शेवटच्या रांगेत, १०० मीटरवर, मेन ७६ आणि टॉवर ७५ मिळून साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे शेवटच्या चाळीस मीटरमध्ये चढउतार चार-पाच डेसिबलचा, आणि व्यंजनं सगळीकडे शाबूत. टॉवरचं काम एवढंच.

टोनमध्ये काही वाढवू नका. टॉवर चालू केल्यावर आवाज मोठा झाल्यासारखा न वाटता जवळ आल्यासारखा वाटला पाहिजे. 'टॉवर लागला' हे जाणवत असेल तर दोन डेसिबल खाली घ्या.

## टप्पा ८: चालून बघा, आणि ऐकू आलं तर कारण ओळखा

बोलण्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवून पाच जागी थांबा: टॉवरच्या २० मीटर मागे, दोन टॉवरच्या मधोमध १५ मीटर मागे, मैदानाच्या काठावर टॉवरच्या रेषेत, शेवटच्या रांगेत, आणि टॉवरच्या १५ मीटर पुढे. ही शेवटची जागा कोणी तपासत नाही. तिथेच गर्दी सगळ्यात दाट असते.

दुहेरी आवाज ऐकू आला तर आकड्याला हात लावण्याआधी मिक्सरवरच्या माणसाला टॉवर म्यूट करायला सांगा.

टॉवर म्यूट केल्यावरही प्रतिध्वनी तसाच राहिला, तर तो मागच्या भिंतीवरून किंवा इमारतीवरून परततो आहे. डिले फिरवून तो जाणार नाही. मेन थोडा खाली झुकवा, म्हणजे झोत भिंतीऐवजी शेवटच्या रांगेवर पडेल, आणि मेनची पातळी दोन-तीन डेसिबल कमी करून मागचं काम टॉवरवर सोडा.

टॉवर म्यूट केल्यावर प्रतिध्वनी गेला आणि तुम्ही टॉवरच्या पुढे उभे आहात, तर पाठीतून गळती आहे. ऐका, ती कशी आहे. नुसता 'भूं-भूं' असेल तर हाय-पास १२० वरून १५० वर न्या. शब्द कळत असतील तर टॉवर जरुरीपेक्षा मोठा आहे किंवा बॉक्स फिरलेला आहे.

तुम्ही मागे आहात आणि सगळीकडेच दुहेरी येतंय, तर आकडा चुकला आहे. टप्पा ६ पुन्हा. फक्त काठावर येतंय, तर टॉवर फार आत आहे, दोन-तीन मीटर बाहेर सरकवा. प्रतिध्वनी नाही पण आवाज टॉवरमधून येतोय असं वाटतं, तर आधी डिले तीन-चार मिलिसेकंदांनी वाढवून बघा, मग पातळी उतरवा. उलट क्रमाने केलंत तर मागच्यांना पुन्हा ऐकू येईनासं होतं.

## कार्यक्रम सुरू झाल्यावर

डिलेचा आकडा लॉक करा. गर्दी भरली की टॉवरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी लागते. ती फक्त मॅट्रिक्सच्या फेडरवरून. मेन वाढवून मागच्यांना ऐकवण्याचा प्रयत्न केलात तर पुढचे लोक कानावर हात ठेवतील आणि मागच्यांना व्यंजनं तरीही मिळणार नाहीत.

मागून मंचाकडे वारा सुटला तर मेनचा आवाज वर उचलला जातो आणि टॉवरच्या मागे मेन अचानक पुसट होतो. अशा वेळी टॉवर एकटाच ऐकू येतो, ते बरं. तेव्हा वेळ बदलू नका. वारा पडला की मेन परत येतो आणि बदललेला आकडा तिथेच राहिलेला असतो.

एका माणसाला मागे, शेवटच्या रांगेत वॉकीटॉकी देऊन उभं ठेवा. 'ऐकू येतंय का' असं त्याला विचारू नका, उत्तर नेहमी हो असतं. वक्त्याचं आत्ताचं वाक्य जसंच्या तसं परत सांगायला लावा.